‘असता तर’ची अडचण: स्पीकिंग टेस्टमध्ये इफ, वुड आणि माइट

शाळेत आपण सगळ्यांनी कल्पनात्मक निबंध लिहिलेत. ‘मी मुख्यमंत्री झालो तर’, ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘परीक्षा नसत्या तर’. आता ही तीन नावं परत एकदा नीट वाचा. पहिल्या दोनमध्ये साधं ‘झालो तर’ आणि ‘उगवला नाही तर’ आहे, तिसऱ्यात मात्र ‘नसत्या तर’. तिन्ही गोष्टी सारख्याच अशक्य (मुख्यमंत्र्याचं सोडा, कोल्हापूरच्या माणसाला तेही अशक्य वाटत नाही), तरी मराठीत एकीला एक रूप आणि दुसरीला वेगळं, आणि आपल्याला त्यात काही खटकत पण नाही. आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये आपली पोरं जिथं अडकतात ती जागा नेमकी हीच आहे.

मी राजारामपुरीत रविवारी पोरांच्या मॉक टेस्ट घेतो. बरीच वर्षं ऐकून ऐकून आता मला चूक यायच्या आधीच कळतं की येणार म्हणून, कारण ती इंग्रजीतली चूक नसतेच, ती मराठी बरोबर बोलल्यामुळं होते. ग्रामरची पुस्तकं झीरो कंडिशनल, फर्स्ट, सेकंड, थर्ड, मिक्स्ड असे पाच तक्ते देतात, पोरं ते पाठ पण करतात, आणि समोर एक्झामिनर बसला की सगळे तक्ते पंचगंगेत. म्हणून मी तक्त्यापासनं सुरू करतच नाही.

टेस्टचं थोडक्यात सांगतो. स्पीकिंग 11 ते 14 मिनिटांचं असतं, तीन भाग. पहिल्यात घर, काम, आवडीनिवडी. दुसऱ्यात एक कार्ड मिळतं, विचार करायला 1 मिनिट आणि मग तुम्ही एकट्यानं जास्तीत जास्त 2 मिनिटं बोलायचं. तिसऱ्यात 4-5 मिनिटं त्याच विषयावर चर्चा. ‘भविष्यात काय होईल’, ‘असं असतं तर तुम्ही काय केलं असतं’ हे प्रश्न जास्त करून दुसऱ्या-तिसऱ्या भागात येतात. मार्क चार गोष्टींना सारखे, म्हणजे ग्रामरला पाव हिस्सा, आणि ग्रामरमध्ये दोन गोष्टी बघतात, तुम्ही वेगवेगळी वाक्यरचना वापरता का आणि ती कितपत बरोबर येते. सहा बँडचा माणूस अवघड वाक्यं बोलतो पण त्यात बऱ्याचदा चुकतो, सातवाल्याची बरीच वाक्यं बिनचूक येतात. तर-वाली वाक्यं ही सगळ्यात सहज सापडणारी अवघड वाक्यं, त्यामुळं फरक इथं लगेच ऐकू येतो.

आता मुद्द्याचं. इंग्रजीत ‘तर’चे तीन कप्पे आहेत असं धरा.

पहिला कप्पा, खरंच होऊ शकतं असं. ‘इफ इट रेन्स टुमॉरो, वुई वोन्ट गो टु पन्हाळा.’ उद्या पाऊस आला तर पन्हाळ्याला जाणार नाही.

दुसरा कप्पा, आत्ता तसं नाहीये किंवा व्हायची फारशी शक्यता नाही, नुसती कल्पना करतोय. ‘इफ आय हॅड अ कार, आय वुड गो टु पन्हाळा एव्हरी संडे.’ गाडी असती तर दर रविवारी पन्हाळ्याला गेलो असतो.

तिसरा कप्पा, वेळ निघून गेली. ‘इफ आय हॅड हॅड अ कार लास्ट संडे, आय वुड हॅव गॉन टु पन्हाळा.’ गाडी असती तर गेल्या रविवारी पन्हाळ्याला गेलो असतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्याचं मराठी परत बघा. ‘गाडी असती तर गेलो असतो.’ तेच. मराठीत ‘दर रविवारी’ किंवा ‘गेल्या रविवारी’ असं काहीतरी घातलं की भागतं, क्रियापद हलवावं लागत नाही. इंग्रजीत मात्र वेळ क्रियापदातच दाखवावी लागते. म्हणजे मधल्या कप्प्याला मराठीत स्वतःचं असं रूपच नाही. तो कधी तिसऱ्याच्या घरात राहतो, ‘गाडी असती तर’, आणि कधी पहिल्याच्या घरात, ‘मला लॉटरी लागली तर बंगला बांधीन’. लॉटरी लागायची नाही हे बोलणाऱ्याला पण माहीत असतं तरी तो ‘लागली तर बांधीन’ असंच म्हणणार. इंग्रजीत तेच ‘इफ आय वन द लॉटरी, आयड बिल्ड अ हाउस’ असं मधल्या कप्प्यात जातं. आणि स्पीकिंगच्या कल्पनेच्या प्रश्नांतले बरेचसे मधल्याच कप्प्यातले असतात, तुम्हाला संधी मिळाली तर काय कराल, शहरातली एक गोष्ट बदलता आली तर कुठली बदलाल, असे. जिथं सगळ्यात जास्त काम आहे तिथंच मराठी आपल्याला हात देत नाही.

दुसऱ्या कप्प्यात भूतकाळ का, हा प्रश्न प्रत्येक बॅचला कोणीतरी विचारतंच. ‘सर, आत्ता गाडी नाही असं सांगायचंय तर हॅड कशाला, तो तर पास्ट आहे.’ मी म्हणतो अरे तू पण रोज तेच करतोस की. ‘उद्या पाऊस आला तर’ यात ‘आला’ कुठला काळ? भूतकाळ. आणि ‘उद्या’? मग उद्याचा पाऊस काल कसा आला? मराठीत ‘तर’ लागला की ‘आला’चा भूतकाळाशी संबंध सुटतो. इंग्रजीत पण इफ लागल्यावर ‘हॅड’चा सुटतो, फक्त इंग्रजी तो भूतकाळ ‘हे खरं नाही’ असं दाखवायला वापरते आणि आपण ‘अजून व्हायचंय’ असं दाखवायला. एवढं एकदा पटलं की पोरांना हॅड बोलायची लाज वाटत नाही.

एक केस घेऊ, म्हणजे कळेल. कसबा बावड्याचा एक पोरगा, मेकॅनिकल डिप्लोमा करून मग डिग्री केली, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला आणि पुढं आयर्लंडला मास्टर्स करायचा विचार. इंग्रजी वाईट नाही, बोलायला पण घाबरत नाही. मी त्याला कार्ड दिलं, तुम्हाला सुरू करायला आवडेल अशा एखाद्या धंद्याबद्दल बोला. गडी खूश, मिनिटभर कागदावर काहीतरी खरडलं आणि सुरू झाला. मी मॉक मोबाईलवर रेकॉर्ड करतो, त्यातली पाच वाक्यं जशी बोलला तशी देतोय:

‘इफ आय वुड हॅव मनी, आय वुड हॅव स्टार्टेड अ मिसळ शॉप इन डब्लिन. आय विल कीप ओन्ली टू आयटम्स. इफ पीपल वुड नॉट लाइक स्पायसी, देन आय विल गिव्ह लेस कट. माइट बी इट विल बी अ हिट. आय वुड बी गोइंग टु आयर्लंड इन सप्टेंबर.’

कल्पना एक नंबर, डब्लिनमध्ये मिसळ, नाद खुळा. पण आता एक्झामिनरच्या कानानं ऐका.

पहिलं वाक्य. त्याच्या डोक्यात होतं ‘पैसे असते तर मिसळीचं दुकान टाकलं असतं’. ‘असते’ आणि ‘असतं’, दोन्हीकडं तेच, म्हणून इंग्रजीत पण दोन्हीकडं ‘वुड हॅव’ टाकून दिलं. मराठीचा तराजू दोन्ही पारड्यांत सारखं वजन मागतो, इंग्रजीचा तसा नाही. इंग्रजीत इफच्या बाजूला नुसता भूतकाळ आणि वुड फक्त दुसऱ्या बाजूला. मी पोरांना एवढंच सांगतो की इफ आणि वुड एका ताटात जेवत नाहीत. (काही नेटिव्ह लोक पण बोलता बोलता ‘इफ आय वुड हॅव’ म्हणतात, यूट्यूबवर ऐकू येईल, पण परीक्षेत त्याच्या भरवशावर राहू नका. आणि ‘इफ यू वुड प्लीज सिट’ असली विनंती हा वेगळा प्रकार, आपल्या उत्तरात तो लागत नाही.) आणि दुसरी गोष्ट, ‘वुड हॅव स्टार्टेड’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला वाटतं की ती संधी कधीच येऊन गेली, मागं कधीतरी टाकायचं होतं पण राहिलं. त्याला तर म्हणायचं होतं की आत्ता पैसे असते तर. मग ‘इफ आय हॅड द मनी, आयड स्टार्ट अ स्मॉल मिसळ प्लेस इन डब्लिन.’ वाक्य लहान झालं आणि बरोबर पण.

दुसरं वाक्य, ‘आय विल कीप’. पहिल्या वाक्यात त्यानं कल्पनेतलं दुकान उघडलं आणि दुसऱ्यात लगेच खऱ्यात आला, जणू दुकानाचं भाडं ठरलंय. कार्डावर दोन मिनिटं बोलताना ही गोष्ट फार होते, सुरुवात वुडनं आणि तिसऱ्या वाक्यापासनं विल, विल, विल. कल्पनेत शिरलात तर तिथंच राहायचं. इफ परत परत म्हणायची गरज नाही, एकदा म्हटलं की पुढची सगळी वाक्यं नुसत्या ‘आयड’वर चालतात. आयड कीप ओन्ली टू आयटम्स, आयड ओपन अर्ली, आयड हायर वन कुक फ्रॉम कोल्हापूर. दर वाक्याला इफ लावणारा पोरगा पाठ करून आल्यासारखा वाटतो.

तिसरं. ‘इफ पीपल वुड नॉट लाइक’, तीच चूक, फक्त नकारात. ‘इफ पीपल डिडन्ट लाइक इट दॅट स्पायसी, आयड सर्व्ह द ग्रेव्ही ऑन द साइड.’ इथं दोन बारक्या गोष्टी. एक ‘देन’. मराठीत ‘जर’ खाल्ला तरी चालतो, ‘तर’ खाता येत नाही, त्यामुळं आपल्याला प्रत्येक वाक्यात देन म्हटल्याशिवाय चैन पडत नाही. इंग्रजीत चूक नाही ती, पण दर वेळी आलं की खटकतं, एक श्वास घ्या आणि पुढचं वाक्य सुरू करा. दुसरी गोष्ट ‘कट’. एक्झामिनरला कट म्हणजे कापणं. ‘द स्पायसी रेड ग्रेव्ही’ म्हणा, वर त्याला समजावून सांगितल्याचं श्रेय पण शब्दसंग्रहात मिळतंय.

चौथं, ‘माइट बी इट विल बी’. हे ‘मेबी’ आणि ‘माइट’ची खिचडी. मेबी म्हणजे आपलं ‘कदाचित’, वाक्याच्या सुरुवातीला ठेवलं की झालं, पुढं पूर्ण वाक्य. ‘मेबी इट विल बी अ हिट.’ माइट तसं सुटं बसत नाही, ते कर्त्याच्या मागं येतं आणि त्याच्या मागं क्रियापद एकदम साधं, टु नाही, एस नाही, विल नाही. ‘इट माइट बी अ हिट.’ कल्पनेतल्या दुकानाबद्दल पण माइट चालतं, ‘आयड’च्या जागी ‘आय माइट’ ठेवलं की ‘टाकलं असतं’चं ‘टाकलं असतं कदाचित’ होतं. ‘इफ आय हॅड मोअर टाइम, आय माइट लर्न टु कुक इट मायसेल्फ.’

माइटबद्दल अजून थोडं, कारण आपल्याकडं ते कमी वापरतात आणि पोरं भविष्याचं सगळं विलवर उरकतात. मराठीत आपण इतके बारीक फरक करतो की, ‘जाणार आहे’ म्हणजे ठरलंय, ‘जाईन’ म्हणजे बघू, ‘बहुतेक जाईन’, ‘जाईन कदाचित’. इंग्रजीत ठरलेल्याला ‘आयम गोइंग टु’, बहुतेकला ‘आयल प्रॉबेबली’, कदाचितला ‘आय माइट’. हे जवळपास जसंच्या तसं बसतं, इथं मराठी आपल्या बाजूनं आहे. एक्झामिनरनं विचारलं की दहा वर्षांनी तुमच्या शहरात लोक कसे फिरतील, तर ‘पीपल विल यूज इलेक्ट्रिक बाइक्स’ एवढंच म्हणून थांबू नका, तुम्ही काय ज्योतिषी आहे का. ‘मोअर पीपल विल प्रॉबेबली बाय इलेक्ट्रिक स्कूटर्स, बट द ओल्ड लेन्स निअर महाद्वार रोड आर नॅरो, सो दे माइट स्टिल बी जॅम्ड.’ एकाच वाक्यात खात्री आणि शंका दोन्ही आली.

आता पाचवं वाक्य, माझ्या मते सगळ्यात फसवं. ‘आय वुड बी गोइंग टु आयर्लंड इन सप्टेंबर.’ हे आपल्या ऑफिसातनं येतं, ‘आय वुड बी सेंडिंग द रिपोर्ट टुमॉरो’ असले मेल रोज फिरतात, वुड म्हटलं की जरा मऊ, अदबशीर वाटतं म्हणून. इथं कोणाला काही वाटत नाही. पण बाहेरचा माणूस ते ऐकून थांबतो आणि पुढच्या ‘पण’ची वाट बघतो, जाणार होतो पण काय? व्हिसा नाही मिळाला? खरा प्लॅन असेल तर वुड नको. तिकीट, ॲडमिशन सगळं झालं असेल तर ‘आयम गोइंग टु आयर्लंड इन सप्टेंबर’. त्याचं तसं नव्हतं, स्कोअर यायचा होता. मग हा पहिला कप्पा, ‘इफ आय गेट द स्कोअर आय नीड, आयल स्टार्ट माय कोर्स इन सप्टेंबर.’ बघा, इथं गेट, ‘विल गेट’ नाही आणि ‘गॉट’ पण नाही. ‘मिळाला तर’ मधल्या ‘मिळाला’वरनं पोरं ‘इफ आय गॉट द स्कोअर, आय विल’ म्हणतात, ते अर्धं दुसऱ्या कप्प्यातलं आणि अर्धं पहिल्यातलं. आणि पूर्ण दुसऱ्यात नेलं, ‘इफ आय गॉट द स्कोअर, आयड’, तर वाक्य बरोबर पण अर्थ असा की माझं मला वाटत नाही मिळेल. स्वतःच्या स्कोअरबद्दल परीक्षेतच असं कशाला सांगायचं. ‘आय वुड लाइक टु’ मात्र खऱ्या इच्छेला बिनधास्त वापरा, ते वेगळं.

त्याला मी मग तिसऱ्या भागातला एक प्रश्न टाकला, तुमच्या भागात धंदेवाल्यांना कुठल्या अडचणी येतात. त्यानं 2019 चा महापूर काढला, त्याच्या मामाचं शाहूपुरीत दुकान होतं, पाणी आलं, माल गेला, मामानं नंतर दुकानच सोडलं. ही गोष्ट सांगताना तिसरा कप्पा आपोआप लागतो. ‘इफ ही हॅड मूव्ह्ड द स्टॉक अपस्टेअर्स, ही वुड हॅव सेव्ह्ड मोस्ट ऑफ इट.’ माल वर हलवला असता तर बराचसा वाचला असता. इथं ‘वुड हॅव’ अगदी बरोबर, कारण वेळ गेली, पाणी ओसरलं. पण पुढचं वाक्य त्याला सुधरेना. पूर आला नसता तर दुकान अजून असतं. पूर तेव्हाचा, दुकान आत्ताचं. पुस्तकात याला मिक्स्ड कंडिशनल म्हणतात आणि पोरं नाव ऐकूनच गार पडतात, खरं तर दोन्ही बाजूंना स्वतंत्र विचारायचं, ही बाजू कधीची? पूर गेलेल्या वेळचा, म्हणून ‘इफ द फ्लड हॅडन्ट कम’. दुकान आजचं, म्हणून ‘ही वुड स्टिल हॅव द शॉप’. यातलं ‘हॅव’ हे जवळ असणं आहे, ‘वुड हॅव सेव्ह्ड’मधलं हॅव नाही. मीसुद्धा शिकवताना एकदा इथं फळ्यावर गडबड केलेली, तेव्हा घाबरू नका. बोलता बोलता चुकलं आणि लक्षात आलं तर तिथल्या तिथं एकदा नीट करून पुढं जायचं, तीन-तीनदा मागं जाऊन वाक्य दुरुस्त करत बसलात तर ग्रामर वाचेल पण फ्लूएन्सी जाईल.

एक ऐकण्याची गोष्ट. बऱ्याचदा कप्पा एक्झामिनरच प्रश्नात देऊन टाकतो. ‘व्हॉट वुड यू’ असेल तर उत्तर आयडनं, ‘व्हॉट विल’ किंवा ‘डू यू थिंक पीपल विल’ असेल तर विल, प्रॉबेबली, माइट. पोरं प्रश्नातला विषय पकडतात आणि क्रियापद सोडून देतात. आणि ते ‘आयड’मधलं ड नीट ऐकू आलं पाहिजे. ‘आयड स्टार्ट’ घाईत बोललं की ड गिळला जातो आणि उरतं ‘आय स्टार्ट’, म्हणजे रोज दुकान टाकतोय असं. जमत नसेल तर सरळ ‘आय वुड’ पूर्ण म्हणा, काही बिघडत नाही.

घरी तपासायचं तर मोबाईलवर दोन मिनिटं बोला आणि स्वतःच ऐकून कागदावर उतरवा, कंटाळवाणं आहे पण करा. प्रत्येक इफला गोल करायचा आणि स्वल्पविरामापर्यंत वुड किंवा विल दिसतंय का बघायचं, दिसलं तर काट. मग बाकीच्या प्रत्येक वुडला विचारायचं, हे खरंच ठरलंय का? ठरलं असेल तर तो वुड पण काट. विषय म्हणून जुने निबंध घ्या की, ‘सूर्य उगवला नाही तर’ इंग्रजीत सांगा. मराठी नावात ‘नसता’ नाही, तरी इंग्रजीत ते ‘इफ द सन डिडन्ट राइज’ असं मधल्या कप्प्यातच जातं, ‘डझन्ट’ म्हटलं तर उद्या खरंच अंधार पडायची भीती.

पुढच्या रविवारी तो पोरगा परत आला, तेच कार्ड दिलं. पहिलं इफ व्यवस्थित, आयड पण चांगला खणखणीत, मध्ये एकदा विल निसटलं तर स्वतःच ‘वुड’ केलं आणि पुढं गेला. मग मी मुद्दाम कार्डाबाहेरचा प्रश्न टाकला, डब्लिनमध्ये एकाही माणसाला मिसळ आवडली नाही तर काय करशील? दोन सेकंद छताकडं बघितलं आणि म्हणाला, ‘इफ नोबडी लाइक्ड इट, आयड हॅपिली ईट इट ऑल मायसेल्फ, अँड माय रूममेट्स माइट हेल्प.’